‘नो कॉस्ट’ हप्ता ५,००० चा, मग कार्डाच्या बिलात ५,२९९ कसे?

सातपूर_शिफ्ट · रविवार, रात्री ९.४०

मंडळी, मुलीचं अकरावीचं अ‍ॅडमिशन झालं म्हणून तिला फोन घेतला. कॉलेज रोडवरच्या एका दुकानातून. किंमत ३०,०००. माझ्या क्रेडिट कार्डावर सहा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय. दुकानातल्या पोराने कॅल्क्युलेटरवर ३०,००० भागिले ६ करून ५,००० दाखवले आणि म्हणाला, ‘काका, एक रुपया जास्त नाही.’ मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हेच उत्तर.

काल बिल आलं. या फोनच्या नावावर ५,२९९.४६ लागलेत. नोंदी जशा आहेत तशा टाकतो:

```
PRINCIPAL AMOUNT AMORTIZATION - <1/6>   4,640.87
INTEREST AMOUNT AMORTIZATION - <1/6>      359.13
IGST-CI@18%                                64.64
PROCESSING FEE                            199.00
IGST-CI@18%                                35.82
```

‘नो कॉस्ट’ आहे तर INTEREST ही ओळ आली कुठून? बँकेला फोन लावला, वीस मिनिटं गाणं ऐकवलं आणि ‘सर, हे बरोबरच आहे’ एवढं सांगून ठेवून दिला. दुकानदार म्हणतो बँकेला विचारा. कोणाला यातलं कळतं का?

---

मन्या_इंदिरानगर · रविवार, रात्री १०.०५

फसवलं भो तुम्हाला. ३०,००० वर १५ टक्के वर्षाचे म्हणजे सहा महिन्यांचे साडेसात टक्के, झाले २,२५०. एवढं व्याज सहा महिन्यांत तुमच्याकडून काढणार आणि वर जीएसटी. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के ईएमआयवर बंदी घातलीये. सरळ तक्रार ठोका.

---

हिशेबी_काकू · रविवार, रात्री १०.५०

मन्या, जरा दमाने. निम्मं बरोबर आहे तुझं, पण आकडा चुकलाय.

सातपूरकर भाऊ, कार्ड घासल्यावर मशीनमधून जी पावती निघाली ती जपून ठेवलीये का? दुकानाचं पक्कं बिल नको, ती छोटी चिठ्ठी हवी. तिच्यावर LOAN AMOUNT किंवा तशाच नावाने एक रक्कम असेल. ती ३०,००० आहे की कमी, तेवढं पाहून सांगा. सगळं त्या एका आकड्यात आहे. (मी बँकेत होते, शेवटची नऊ वर्षं कार्डांच्याच टेबलावर. असल्या चिठ्ठ्या रोज पाहिल्यात.)

---

सातपूर_शिफ्ट · सोमवार, सकाळी ६.१५

सापडली, फोनच्या खोक्यातच होती. शाई उडायला लागलीये पण वाचता येतं. LOAN AMOUNT 28730.06, व्याजदर 15.00, TENURE 6, EMI 5000.00. आणि खाली डिस्काउंट 1269.94.

म्हणजे मला १,२७० ची सवलत मिळाली? मला तर कोणी बोललं नाही. दुकानाच्या बिलावर पूर्ण ३०,००० आहेत. फर्स्ट शिफ्टला निघतोय, दुपारी बघतो.

---

हिशेबी_काकू · सोमवार, सकाळी ११.२०

मिळाली, आणि लगेच गेलीसुद्धा. सांगते.

तुमच्या कार्डावर ३०,००० चा खर्च पडलेलाच नाही. २८,७३०.०६ चा पडलाय. बँकेने तेवढ्याच रकमेचं कर्ज धरलं आणि त्यावर नेहमीसारखं १५ टक्के व्याज लावलं, म्हणजे महिन्याला सव्वा टक्का. आता २८,७३० वर सव्वा टक्क्याने सहा महिन्यांचा हप्ता काढला की तो बरोब्बर ५,००० येतो. हा योगायोग नाही. गणित उलटं केलेलं असतं. आधी ठरवतात की हप्ता ५,००० च दिसला पाहिजे, मग मागे जात जात कर्जाची रक्कम काढतात आणि ३०,००० मधून उरलेल्या १,२७० ला ‘सवलत’ असं नाव देतात.

आता तुमचं बिल वाचा. पहिल्या महिन्यात २८,७३०.०६ चा सव्वा टक्का म्हणजे ३५९.१३. तीच तुमची INTEREST ची ओळ. ५,००० मधून ते वजा केलं की ४,६४०.८७ मुद्दल. या दोन ओळींची बेरीज ५,०००, इथपर्यंत दुकानातला पोरगा खरं बोलला. पुढच्या महिन्यात मुद्दल कमी झालेलं असेल, म्हणून व्याज ३०१.११, मग २४२.३८, असं उतरत उतरत शेवटच्या हप्त्यात ६१.७३. सगळं मिळून १,२७०. मन्याचे २,२५० तेव्हा झाले असते, जेव्हा सहाही महिने पूर्ण ३०,००० तुमच्या अंगावर राहिले असते. दर महिन्याला फेडताय, त्यामुळे व्याज घटत्या रकमेवर बसतं.

राहिली न सांगितलेली गोष्ट. सवलत फक्त व्याजाएवढी असते. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी त्यात धरलेला नसतो. १,२७० वर १८ टक्के म्हणजे सहा महिन्यांत मिळून २२८ रुपये ५८ पैसे, आणि प्रोसेसिंग फी तिच्या जीएसटीसह २३४.८२. एकूण ४६३ रुपये ४० पैसे तुमच्या खिशातून जास्तीचे जाणार. पहिल्या बिलात फी आली म्हणून आकडा एकदम फुगलेला दिसतोय. पुढचं बिल ५,०५४.२० चं यायला हवं. ताडून बघा.

---

पंचवटीची_प्रज्ञा · सोमवार, दुपारी १.३०

काकू, माझ्या बिलात मुद्दल आणि व्याज वेगळं येतच नाही. ‘EMI 2/9’ अशी एकच ओळ असते आणि खाली जीएसटी. मग व्याज किती हे कसं कळायचं?

---

हिशेबी_काकू · सोमवार, दुपारी १.५५

जीएसटीला ०.१८ ने भाग. वरच्या बिलात ६४.६४ भागिले ०.१८ केलं तर ३५९ येतात की नाही बघ. व्याज लपवता येतं, पण त्यावरचा कर लपवता येत नाही. म्हणून मी बिलात आधी कराचीच ओळ शोधते. फक्त फीवरचा जीएसटी त्यात मिसळला नाहीये ना ते पाहायचं, तो पहिल्या महिन्यात असतो.

IGST दिसलं म्हणून घाबरू नकोस. बँक दुसऱ्या राज्यातून बिल करत असेल तर IGST, महाराष्ट्रातून करत असेल तर CGST आणि SGST नऊ-नऊ टक्के. बेरीज तीच.

---

देवळालीचा_दादा · सोमवार, दुपारी ३.१०

माझं पण असंच झालंय. ४,००० चा नो कॉस्ट हप्ता होता, मी दर महिन्याला मिनिमम ड्यू वेळेवर भरतो, तरी बिलात एकदम ९०० च्या वर व्याज लावलं. ही पण ती सवलतवालीच भानगड का?

---

हिशेबी_काकू · सोमवार, दुपारी ३.४०

नाही हो दादा, तुमची भानगड वेगळी आणि जास्त महाग आहे. हप्ता त्या महिन्याच्या एकूण देय रकमेत धरलेला असतो. ती पूर्ण न भरता फक्त मिनिमम भरलं की उरलेली रक्कम पुढे ओढली जाते, तिच्यावर कार्डाचा साधा दर लागतो, तो बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. शिवाय किराणा, पेट्रोल जे काही त्या कार्डावर नवीन घ्याल त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. आधी सगळं बिल पूर्ण भरून टाका, मग नो कॉस्टचं बघू.

---

काउंटर_एमजीरोड · सोमवार, रात्री ९.१५

दुकान आत्ता वाढवलं. एमजी रोडला मोबाइलच्याच दुकानात आहे, नाव सांगत नाही. काकूंचं सगळं बरोबर, आमच्या बाजूचं थोडं सांगतो.

ते १,२७० बहुतेक वेळा आम्ही देत नाही, फोनची कंपनी देते. कुठल्या मॉडेलवर, कुठल्या बँकेच्या कार्डावर, किती महिन्यांपर्यंत हे सगळं मशीनमध्ये आधीच भरलेलं असतं. आम्ही फक्त मॉडेल निवडतो आणि फोनचा नंबर टाकतो. कधी कधी मात्र आमच्या मार्जिनमधून कापतात, मग त्या मॉडेलला आम्ही कॅशवाल्याला ‘पाच-सातशे कमी करतो’ म्हणतो. आता समजलं का कधी कमी होतात आणि कधी होत नाहीत?

अजून एक. सगळीकडे तुमच्यासारखं आधीच कापून मिळत नाही. काही स्कीममध्ये पूर्ण ३०,००० चं कर्ज पडतं, हप्ता ५,२२१ येतो, आणि व्याजाचे १,३२६ नंतर कॅशबॅक म्हणून कार्डावर येतात. ते यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर गिऱ्हाईक रोज येऊन आमचं डोकं खातं. पावतीवर हप्ता ५,२२१ दिसला तर सही करायच्या आधी विचारा, कॅशबॅक कधी आणि कोण देणार. आणि पावतीचा फोटो काढा, तो कागद सहा महिने टिकत नाही.

---

मन्या_इंदिरानगर · सोमवार, रात्री ९.५०

व्याजाचं गणित चुकलं, मान्य. पण मग ते ‘नो कॉस्ट’ कसलं? कंपनीने १,२७० दिले, बँकेने १,२७० घेतले, मधल्या मध्ये कर आणि फी आमच्या माथी. ती सवलत मला सरळ द्या ना, मी रोख देतो २८,७३०.

---

काउंटर_एमजीरोड · सोमवार, रात्री १०.०५

रोखीला ती मिळतच नाही मालक. मशीनमध्ये ईएमआय निवडला तरच निघते. माझ्या हातात असती तर दिली नसती का, गिऱ्हाईक सोडायला कोणाला आवडतं.

---

सातपूर_शिफ्ट · मंगळवार, दुपारी ४.३०

काकू, तुमच्यामुळे बिल वाचता आलं, आता खरंच प्रत्येक ओळ कळते. पण एक नवीन डोकेदुखी सापडली.

फोन घेतला त्या दिवशी दुकानात एक बोर्ड होता. माझ्याच बँकेच्या कार्डावर एकरकमी स्वाइप केलं तर १,५०० झटपट सूट. मी पोराला विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला ती सूट ईएमआयवर नाही, पण तुम्हाला नो कॉस्ट आहेच की. मला वाटलं दोन्ही सारखंच. माझ्याकडे तेव्हा एकरकमी भरण्याएवढे पैसे होते, आरडी सुटली होती. फक्त ते हातातून जाऊ द्यायचे नव्हते.

---

हिशेबी_काकू · मंगळवार, संध्याकाळी ६.४५

मग तुमचा हिशेब बदलला, आणि खरं सांगायचं तर हाच हिशेब महत्त्वाचा आहे.

बोर्डावर ती सूट नसती, तर फोन तुम्हाला तसाही ३०,००० लाच पडला असता. म्हणजे सहा महिने पैसे वापरायचे तुम्ही ४६३ रुपये मोजले. वर्षाच्या दराने ते साधारण साडेपाच टक्क्यांच्या आत-बाहेर बसतं. क्रेडिट कार्डावर एवढं स्वस्त कर्ज कोणी देत नाही. तेव्हा ‘फसवलं’ म्हणणं मला पटलं नसतं.

पण सूट होती. म्हणजे त्या दिवशी, त्या दुकानात, तुमच्या कार्डाला फोनची खरी किंमत २८,५०० होती. तुम्ही सहा महिन्यांत देणार ३०,४६३. फरक १,९६३ रुपयांचा, तोही दर महिन्याला कमी होत जाणाऱ्या रकमेवर. मी कागदावर मांडून पाहिलं, महिन्याला जवळपास १.९५ टक्के येतो. वर्षाचे २३ च्या वर. बँक पावतीवर १५ लिहिते आणि तुम्हाला पडले २३, कारण बँकेला तुम्ही सोडून दिलेल्या सुटीशी देणंघेणं नाही.

म्हणून मी माझ्या सुनेला सांगते, दुकानात ‘नो कॉस्ट आहे का’ असं विचारूच नकोस. ‘आज याच कार्डावर एकरकमी दिले तर शेवटची किंमत काय’ असं विचार. तो आकडा आणि सहा हप्त्यांची बेरीज, त्यातलं अंतर हेच व्याज. बाकी नावं काहीही देऊ देत.

---

काउंटर_एमजीरोड · मंगळवार, रात्री ९.३०

काकू, एक दुरुस्ती. उलटंही असतं. दिवाळीत कधी कधी ईएमआयवरच मोठी सूट असते आणि एकरकमीला कमी. तेव्हा ईएमआय घेणाराच शहाणा. दोन्ही आकडे काढून बघायचे, एवढंच.

---

मन्या_इंदिरानगर · मंगळवार, रात्री १०.१०

आणि रिझर्व्ह बँकेची बंदी? ते कोणी बोलतच नाही.

---

हिशेबी_काकू · बुधवार, सकाळी १०.३०

बोलते. सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने म्हटलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, व्याज प्रोसेसिंग फीच्या आड लपवून गिऱ्हाइकाकडून वसूल केलं जातं. म्हणून बँकांचे ‘शून्य टक्के’ बंद झाले. त्यानंतर जे आलं त्यात बँक उघड १५-१६ टक्के लावते आणि कंपनी तेवढी सवलत देते. बँकेच्या वहीत व्याज पूर्ण लागलेलं असतं, त्यामुळे तुझी बंदी याला जशीच्या तशी लागू होत नाही.

पण २०२२ च्या कार्डांच्या निर्देशात एक कामाची ओळ आहे. ईएमआय करण्याआधी मुद्दल, व्याज आणि नो कॉस्ट करण्यासाठी दिलेली सवलत हे तिन्ही स्पष्ट दाखवायचं, आणि तेच कार्डाच्या बिलातही वेगळं दाखवायचं. शिवाय व्याज असलेला ईएमआय नो कॉस्ट म्हणून खपवायचा नाही.

आता सातपूरकरांचं बिल बघ. मुद्दल आहे, व्याज आहे. सवलत आहे का?

---

सातपूर_शिफ्ट · बुधवार, दुपारी ३.५०

नाही. चारही पानं चाळली. खरेदी 28,730.06, मग तेवढेच CR होऊन ईएमआयमध्ये गेले. १,२६९.९४ हा आकडा कुठेच नाही. फक्त त्या उडत चाललेल्या चिठ्ठीवर.

---

मन्या_इंदिरानगर · बुधवार, दुपारी ४.०५

बघा! मग तक्रार होते की नाही?

---

हिशेबी_काकू · बुधवार, संध्याकाळी ५.२०

‘सवलतीची ओळ बिलात का नाही’ एवढंच लेखी विचारा, बँकेच्या तक्रार निवारणाला ईमेल करून. त्यांचं उत्तर काय येईल ते मला माहितीये: सवलत दुकानदाराने दिली, आमच्याकडे खर्चच २८,७३० चा आला. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पण ‘व्याज का लावलं’ म्हणून गेलात तर हात हलवत परत याल.

---

काउंटर_एमजीरोड · बुधवार, रात्री ९.४०

माझ्या मते बँकेची चूक नाही यात. दुकानाचं बिल ३०,००० चं, मशीनवर सवलत छापलेली, बँकेने आणखी काय छापायचं?

---

हिशेबी_काकू · बुधवार, रात्री १०.००

आपलं इथे एकमत व्हायचं नाही बाबा. बिल गिऱ्हाइकाने वाचायचं असतं, तुझी चिठ्ठी नव्हे.

---

ओझरची_रोहिणी · गुरुवार, सकाळी ९.१०

माझ्या बहिणीने फ्रीज फायनान्स कंपनीच्या कर्जावर घेतला, कार्ड नाही. तिच्या हप्त्यात जीएसटी अजिबात नाही, बरोब्बर भागाकार केल्याएवढाच हप्ता. मग क्रेडिट कार्डावर घ्यायचंच कशाला?

---

हिशेबी_काकू · गुरुवार, सकाळी ११.००

बरोबर पाहिलंस. कर्जाच्या व्याजाला जीएसटीतून सूट आहे, पण क्रेडिट कार्डाच्या व्याजाला ती नाही. तिकडे व्याजाचा भार कंपनी किंवा दुकानदार परस्पर उचलतो, फायनान्सवाला दुकानाला तेवढे पैसे कमी देतो. फक्त फी बघ. तिथे ती कार्डापेक्षा मोठी असू शकते, आणि वर कधी कार्ड, कधी विमा गळ्यात मारतात. बहिणीला कर्जाचा करार काढायला सांग, फी तिथे लिहिलेली असते.

---

सातपूर_शिफ्ट · गुरुवार, दुपारी ४.१५

शेवटचा प्रश्न. तिसऱ्या हप्त्यानंतर कंपनीत बोनस मिळेल. तेव्हा एकदम बंद करून टाकू का? निदान पुढचं व्याज तरी वाचेल.

---

हिशेबी_काकू · गुरुवार, संध्याकाळी ७.०५

मुदतीआधी कर्ज बंद करायला बँक जो आकार घेते तो किती, ते चिठ्ठीवर किंवा बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघा. ३ टक्के धरून सांगते.

तिसऱ्या हप्त्यानंतर १४,६३२.६८ मुद्दल राहील. पुढच्या तीन महिन्यांचं व्याज ३६७ आणि त्यावरचा जीएसटी ६६, असे ४३३ रुपये वाचतील. बंद करायचा आकार १४,६३२ वर ३ टक्के म्हणजे ४३९, त्यावर जीएसटी ७९, एकूण ५१८. पंच्याऐंशी रुपये खिशातून देऊन कर्ज फेडल्यासारखं होईल. बोनस बचत खात्यात ठेवा आणि हप्ते चालू द्या. व्याज सुरुवातीच्या हप्त्यांत जास्त असतं, म्हणून अर्ध्यावर बंद करून हाती फार काही लागत नाही. काही कार्डं बंद करायला पैसे घेत नाहीत, तुमचं तसलं असेल तर मात्र खुशाल बंद करा.

---

देवळालीचा_दादा · गुरुवार, रात्री ८.३०

काकू, मी आज सगळं बिल पूर्ण भरलं. तरी अ‍ॅपमध्ये १२० रुपये व्याज दाखवतंय.

---

हिशेबी_काकू · गुरुवार, रात्री ८.५०

मागच्या बिलाच्या तारखेपासून आजपर्यंतचं ते. पुढच्या बिलात येईल, भरून टाका, मग थांबेल.

---

सातपूर_शिफ्ट · पुढच्या महिन्यातला शनिवार, रात्री ९.२०

धागा वर काढतो. दुसरं बिल आलं. ५,०५४.२०. काकू, पैशापर्यंत जुळलं. बंद करायचा आकार ३ टक्केच निघाला, त्यामुळे हप्ते चालू ठेवतोय.

ईमेलला बँकेचं उत्तर एकोणिसाव्या दिवशी आलं. तुम्ही लिहिलं होतं तेच, जवळपास शब्दशः: सवलत व्यापाऱ्याने दिलेली आहे. १,२६९.९४ ची ओळ या बिलातही नाही. लोकपालाकडे जायचं का ते अजून ठरलेलं नाही, मन्या रोज फोन करून विचारतोय.